पाच वर्षांचे दोन वेगळे हिशेब: नोकरी बदलताना आणि निवृत्त होताना ग्रॅच्युइटी व पीएफ

प्रश्न: मी चाकणच्या एका कारखान्यात 1 ऑगस्ट 2021 पासून कामाला आहे. मूळ पगार 42,000 रुपये आहे. हिंजवडीच्या एका कंपनीने 1 जून 2026 ला रुजू व्हायला सांगितले आहे. आमचे एचआर म्हणतात की पाच वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे ग्रॅच्युइटी नाही आणि पीएफवर करही कापला जाईल. याआधी जून 2019 पासून दोन वर्षे भोसरीत होतो, तो पीएफ तिथेच पडून आहे. वडीलही 30 जूनला वयाच्या 58 व्या वर्षी पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होत आहेत, त्यांची नोकरी 28 वर्षे 7 महिन्यांची आहे. कोणाला काय आणि कधी मिळेल?

उत्तर:

तुमच्या एचआरनी एकाच वाक्यात ज्या पाच वर्षांचा उल्लेख केला आहे, ती एक नसून दोन आहेत. ग्रॅच्युइटीची पाच वर्षे एकाच मालकाकडे सलग भरावी लागतात. पीएफच्या करमाफीची पाच वर्षे मात्र वेगवेगळ्या मालकांकडची मिळून मोजता येतात, फक्त आधीचा पीएफ नव्या खात्यात वळवलेला असला पाहिजे. पुण्यात पगार आणि कामगार कायद्यांचे काम करताना गेल्या वीसहून अधिक वर्षांत माझ्यापुढे आलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी या दोन मोजण्यांच्या गोंधळातून झालेल्या आहेत. तुमच्या बाबतीत पहिली मोजणी दोन महिन्यांनी कमी पडते आहे, दुसरी मात्र भोसरीचा पीएफ वळवून घेतला की पूर्ण झालेली धरली जाईल.

या गोंधळाचे मूळ बहुधा नेमणूकपत्रासोबतच्या सीटीसीच्या तक्त्यात असते. तिथे ‘पीएफ, कंपनीचा हिस्सा’ आणि ‘ग्रॅच्युइटी’ या दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही रकमा दरमहा कुठेतरी आपल्या नावावर जमा होत आहेत असा समज होतो. पीएफची रक्कम खरोखरच जमा होते. तुमच्या 42,000 रुपयांवर 12 टक्क्यांनी 5,040 रुपये तुमच्या पगारातून कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते. कंपनीच्या हिश्श्यातले 1,250 रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 3,790 रुपये तुमच्या पीएफ खात्यात पडतात. कंपनी पूर्ण मूळ पगारावर पीएफ भरत असेल तरच हे आकडे येतात. काही कंपन्या 15,000 रुपयांच्या मर्यादेपुरताच भरतात, आणि तुमची कोणत्या प्रकारची आहे ते पासबुकाच्या एका ओळीवरून कळेल. ग्रॅच्युइटीच्या ओळीत दाखवलेली रक्कम मात्र तुमच्या नावावर कुठेही जमा होत नाही. मूळ पगाराच्या 4.81 टक्के हा जो आकडा तिथे असतो, तो 15 भागिले 26 भागिले 12 या गणिताचा परिणाम आहे, म्हणजे कंपनीने आपल्या पुढच्या देण्याची केलेली तरतूद आहे. तुम्ही पात्र ठरलात तर ते देणे उभे राहते, न ठरलात तर तरतूद कंपनीकडेच राहते. म्हणून पीएफ हा तुमचाच साठलेला पैसा आहे आणि पाच वर्षांच्या आधी नोकरी सोडल्याने तो कधीही बुडत नाही, ग्रॅच्युइटी मात्र अट पूर्ण झाली तरच जन्माला येते.

आता ती अट. ग्रॅच्युइटी 1972 च्या कायद्याखाली देय होती, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तेच हक्क संहितेत आले आहेत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे अखंड सेवा झालेला कर्मचारी निवृत्त झाला किंवा त्याने राजीनामा दिला, तरी त्याला ग्रॅच्युइटी मिळते. ‘राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी गेली’ हे मी अजूनही ऐकतो, आणि ते पूर्णपणे चुकीचे आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट लागत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना संहितेप्रमाणे एक वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. तुम्ही कायम कर्मचारी आहात, त्यामुळे तुमच्यासाठी पाच वर्षेच धरायची.

तुमची पाच वर्षे 31 जुलै 2026 रोजी काम संपताना पूर्ण होतात. 29 मे रोजी कार्यमुक्त होऊन 1 जूनला नव्या ठिकाणी गेलात, तर सेवा चार वर्षे, नऊ महिने आणि 29 दिवसांची भरेल. इथे कोणीतरी तुम्हाला ‘चार वर्षे 240 दिवस’ हा नियम सांगेल, आणि तो निराधार नाही. कायद्यात एका वर्षाच्या अखंड सेवेची व्याख्या अशी आहे की बारा महिन्यांत 240 दिवस काम झाले असेल, तर ते वर्ष अखंड सेवेचे मानावे. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेसाठी आणि जमिनीखालच्या खाणकामासाठी हा आकडा 190 आहे. मेटूर बिअर्डसेल या कंपनीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये याच आधारावर पाचव्या वर्षातले 240 दिवस पुरेसे धरले.

तुमच्या बाबतीत हे दिवस मोजून पाहू. पाचवे वर्ष 1 ऑगस्ट 2025 ला सुरू झाले. तेव्हापासून 29 मे 2026 पर्यंत 302 दिवस होतात. औद्योगिक पट्ट्यातली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी वजा केली तर सुमारे 259 उरतात, आणि सणांच्या सात-आठ सुट्ट्या वजा केल्या तर 251 च्या आसपास. भरपगारी हक्काची रजा या मोजणीत कामाच्या दिवसांसारखीच धरली जाते, बिनपगारी गैरहजेरी मात्र धरली जात नाही. म्हणजे अगदी काटेकोर मोजणीनेही या वर्षात तुमच्या बिनपगारी गैरहजेरीचे दिवस दहा-अकरापेक्षा जास्त नसतील, तर 240 चा टप्पा तुम्ही ओलांडलेला असेल. हजेरीचा तक्ता आजच मागून घ्या, कारण कार्यमुक्त झाल्यावर कंपनीची संगणक प्रणाली तुमच्यासाठी बंद होते आणि मग हाच कागद मिळवायला महिने लागतात.

तरीही मी माझ्या अशिलाला या नियमाच्या भरवशावर राजीनाम्याची तारीख ठरवू देत नाही. संहितेत पात्रतेचे शब्द ‘पाच वर्षे’ असेच आहेत. मद्रासचा निकाल पटवून देण्यासाठी उपयोगी पडतो, पण महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर किंवा न्यायालयावर तो बंधनकारक नाही. पुण्यातल्या काही कंपन्या त्याप्रमाणे विनातक्रार पैसे देतात, कारण त्यांच्या धोरणातच तसे लिहिलेले असते. काही कंपन्या पाच वर्षे पूर्ण नाहीत एवढे एका ओळीत कळवून मोकळ्या होतात, आणि मग सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, सुनावणी, अपील असा प्रवास कर्मचाऱ्याच्या वाट्याला येतो. नव्या नोकरीत रुजू झालेला माणूस या तारखांना हजर राहू शकत नाही आणि शेवटी दावा सोडून देतो. ज्याला थांबणे शक्यच नाही त्याने हा दावा जरूर करावा, पण ज्याला दोन महिने थांबता येते त्याने थांबावे.

तुम्ही थांबण्याची किंमत आणि थांबण्याचा लाभ शेजारी मांडून पाहा. ग्रॅच्युइटीचे गणित असे आहे:

```
42,000 × 15 ÷ 26 × 5 = 1,21,154 रुपये
```

पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याचा निम्मा पगार, हा समज इथे लागू पडत नाही. महिना 26 कामाच्या दिवसांचा धरायचा असतो, आणि 30 ने भागून कमी रक्कम काढलेली पत्रके मी अनेकदा परत पाठवली आहेत. सहा महिन्यांपेक्षा जास्त असलेला वर्षाचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, पण हे लक्षात ठेवा की हा नियम रक्कम ठरवण्यासाठी आहे, पात्रता ठरवण्यासाठी नाही. ‘साडेचारच्या वर गेले की पाच धरतात’ असे जे सांगितले जाते ते याच दोन गोष्टींची सरमिसळ करून. आधी पात्र ठरायचे, मग वर्षे पूर्णांकात आणायची, हा क्रम उलटत नाही.

संहितेमुळे तुमची रक्कम यापेक्षा वाढण्याचीही शक्यता आहे. पूर्वी ग्रॅच्युइटी केवळ मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर काढत. आता वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडे, प्रवासखर्च, कंपनीचा पीएफ हिस्सा अशा ठरावीक बाबी वगळता येतात, पण त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीची रक्कम वेतनात परत धरावी लागते. समजा तुमचा एकूण मोबदला महिना 96,000 आहे आणि मूळ पगार सोडून उरलेले 54,000 रुपये सगळे वगळण्याजोग्या बाबींचे आहेत. निम्मे म्हणजे 48,000, त्यावरचे 6,000 वेतनात येतील, वेतन 48,000 होईल आणि ग्रॅच्युइटी 1,38,462 रुपये. त्यातही ‘विशेष भत्ता’ या नावाची मोठी रक्कम तुमच्या पगारपत्रकात असेल तर ती वगळण्याच्या यादीत बसत नाही, हे तुमच्या लेखा विभागाला विनम्रपणे दाखवून द्या.

आता थांबण्याची किंमत. हिंजवडीत तुम्हाला महिना 20,000 रुपये जास्त मिळणार असतील, तर दोन महिन्यांचे 40,000 रुपये हातचे जातील. त्याविरुद्ध सव्वा लाखाच्या आसपासची रक्कम आहे, आणि तीही करमुक्त, कारण खासगी क्षेत्रात आयुष्यभरात मिळालेली एकूण 20 लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी आयकरातून माफ आहे. म्हणून नव्या कंपनीला आजच लिहा की तुम्ही सोमवार, 3 ऑगस्ट 2026 रोजी रुजू होऊ शकता. कारण सरळ सांगा. भरती करणाऱ्यांना ही अडचण नवी नसते, आणि ज्यांना माणूस हवा असतो ते बहुधा नऊ आठवडे थांबतात. ते तयार नसतील तर ग्रॅच्युइटीइतकी रक्कम रुजू होतानाच्या बोनसमधून मागता येते, फक्त तो बोनस पगारासारखा करपात्र असतो हे धरून आकडा मागा.

तारीख ठरवताना एका सापळ्यापासून जपा. नोटीसच्या काळात तुम्ही कामावर असता तोवर तो सेवेतच मोजला जातो, पण नोटीसचे दिवस पैसे भरून कमी केले तर ते दिवस सेवेत येत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका अभियंत्याने 90 दिवसांची नोटीस धरून आपली पाच वर्षे पूर्ण होतात असा हिशेब केला होता, आणि तो बरोबरही होता. पुढे नव्या कंपनीने उत्साहाने त्याचे शेवटचे तीन आठवडे ‘बायआउट’ केले. नोटीसचे पैसे नव्या कंपनीने भरले, ग्रॅच्युइटी मात्र त्याने स्वतः गमावली, आणि सही करताना हे त्याला कोणी सांगितले नाही याचे मला आजही वाईट वाटते. दुसरा प्रकार दिवस मोजण्याचा. तुमची नोटीस 90 दिवसांची असेल आणि तुम्ही 1 मे रोजी राजीनामा देऊन तोच पहिला दिवस धरला, तर नव्वदावा दिवस 29 जुलै येतो, म्हणजे दोन दिवस कमी. म्हणून राजीनाम्यात ‘नोटीस कालावधीनंतर’ असे मोघम न लिहिता ‘माझा कामाचा शेवटचा दिवस 1 ऑगस्ट 2026 असेल’ असे स्पष्ट लिहा, आणि स्वीकृतीच्या पत्रातही तीच तारीख उतरवून घ्या. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करण्याचा प्रस्ताव आला, तर त्या रजेच्या काळात तुम्ही हजेरीपटावर आहात की रजेचे पैसे देऊन तुम्हाला आधीच मोकळे केले जात आहे, एवढे विचारून मगच हो म्हणा.

नेमणुकीची तारीखही एकदा तपासा. सुरुवातीचे काही महिने अप्रेंटिस कायद्याखालच्या करारावर गेले असतील तर ते ग्रॅच्युइटीच्या सेवेत येत नाहीत. परिविक्षेचा काळ, ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो, तो मात्र पूर्ण मोजला जातो.

पाच वर्षे भरल्यावर पैसे कधी मिळतात, याचा नियम स्वच्छ आहे. ग्रॅच्युइटी ज्या दिवशी देय होते त्या दिवसापासून 30 दिवसांत कंपनीने ती द्यायची असते. तुम्ही विहित नमुन्यात अर्ज करावा अशी अपेक्षा आहे, जुन्या नियमांत त्याला ‘नमुना आय’ म्हणत, पण अर्ज केला नाही म्हणून रक्कम काढण्याची आणि कळवण्याची कंपनीची जबाबदारी टळत नाही. 30 दिवसांनंतर वर्षाला 10 टक्के सरळ व्याज लागते. उशीर कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे झाला असेल आणि त्यासाठी लेखी परवानगी घेतली असेल, तरच ते टळते. ‘आमचा ग्रॅच्युइटी फंड एलआयसीकडे आहे, तिकडून आले की देऊ’ हे उत्तर तुम्हाला मिळू शकते. तो फंड म्हणजे कंपनीने आपल्या देण्यासाठी केलेली सोय आहे आणि तुमचे येणे कंपनीकडूनच आहे. नोटीसचे पैसे किंवा लॅपटॉपची किंमत ग्रॅच्युइटीतून परस्पर कापण्याचीही मुभा नाही. ग्रॅच्युइटी रोखता येते ती मालमत्तेच्या नुकसानीसाठी, हिंसक वर्तनासाठी किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी कामावरून काढले असेल तर, आणि तुम्ही स्वतः राजीनामा देऊन जात आहात.

आता पीएफकडे वळू, आणि इथे माझा सल्ला ठाम आहे: काढू नका, वळवा. एका कंपनीतून दुसऱ्या पीएफ लागू असलेल्या कंपनीत जाणाऱ्याला पीएफ ‘देय’ होतच नाही. पूर्ण रक्कम काढण्याची सोय निवृत्तीसाठी, कायमच्या अपंगत्वासाठी, कायमचे परदेशी जाणाऱ्यांसाठी आणि बेरोजगार राहिलेल्यांसाठी आहे. बेरोजगारीची मुदत बरीच वर्षे दोन महिने होती. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती बारा महिने करण्याचा आणि खात्यात 25 टक्के रक्कम राखण्याचा निर्णय घेतला, त्यावरून खूप चर्चा झाली. तुम्हाला त्या चर्चेशी काही कर्तव्य नाही, कारण तुम्ही एक दिवसही बेरोजगार राहणार नाही. नवी नोकरी लागल्यावर जुन्या खात्यावर बेरोजगारीचा अर्ज भरणारे लोक आहेत, पण तो अर्ज म्हणजे खोटे निवेदन ठरते, आणि नव्या खात्यात पहिला हप्ता पडला की ते उघडही होते.

कराची पाच वर्षे इथे येतात. पाच वर्षांच्या सेवेआधी पीएफ काढला आणि रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त असेल, तर 10 टक्के करकपात होते, आणि कंपनीचा हिस्सा व त्यावरचे व्याज तुमच्या त्या वर्षाच्या पगारात धरले जाते. तुमच्या एचआरच्या मनात हाच नियम असावा. पण या पाच वर्षांत आधीच्या मालकाकडची सेवाही मोजतात, जर तिथली शिल्लक पुढच्या खात्यात वळवलेली असेल. भोसरीची दोन वर्षे आणि चाकणची जवळजवळ पाच मिळून तुमची सात वर्षे होतात. भोसरीचा पीएफ वळवलेला नसल्यामुळे आज कागदावर ती दिसत नाहीत, म्हणून हिंजवडीला जाण्याआधी भोसरीची रक्कम चाकणच्या खात्यात आणा, आणि मग दोन्ही मिळून हिंजवडीत न्या.

हे करण्यासाठी सदस्यांच्या पोर्टलवर आधी View मधील Service History उघडा. भोसरी आणि चाकण या दोन्ही नोकऱ्या एकाच यूएएनखाली, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या तुमच्या पीएफ क्रमांकाखाली, दिसतात का, ते पाहा. पुण्यातल्या खात्यांचे क्रमांक बहुधा PUPUN या अक्षरांनी सुरू होतात, त्यावरून दोन्ही ओळी ओळखता येतील. भोसरीची ओळ दिसतच नसेल, तर तेव्हा तुमच्यासाठी वेगळा यूएएन काढला गेला आहे आणि तो आधी आताच्या यूएएनशी जोडून घ्यावा लागेल. ओळ दिसत असेल तर तिच्यापुढे नोकरी सोडल्याची तारीख आहे का ते तपासा. तुमचे काम अडले असेल तर ते बहुधा इथेच. भोसरीच्या कंपनीने ती भरली नसेल तर Manage मधील Mark Exit मध्ये जाऊन ती स्वतः भरता येते, शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिने उलटलेले असले की झाले. तारीख चाकणला रुजू झाल्याच्या दिवसाच्या आधीची असू द्या. मग Online Services मधील One Member – One EPF Account (Transfer Request) मधून अर्ज करा. भोसरीच्या कंपनीचा पीएफ स्वतंत्र ट्रस्टमध्ये असेल, तर पैसे आणि हिशेबाचे पत्रक ट्रस्टकडून यावे लागते आणि त्याला जास्त वेळ लागतो. अर्ज अडकला आणि पोर्टलवर तक्रार करूनही हलला नाही, तर पुणे कँटोन्मेंट किंवा आकुर्डी यांपैकी ज्या प्रादेशिक कार्यालयाकडे खाते आहे तिथे कागद घेऊन जा.

रक्कम वळल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसेल आणि तुम्ही घाबराल, जसे दर महिन्याला कोणीतरी घाबरून मला फोन करते. पेन्शनचे 1,250 रुपये पासबुकातून पासबुकात प्रवास करत नाहीत, फक्त तुमच्या सेवेची वर्षे पुढे नोंदली जातात. पुढे मिळणारे पेन्शन सेवेच्या वर्षांवर आणि पगारावर ठरते, त्या रकान्यातल्या आकड्यावर नाही. वर्षांची नोंद खरोखर गेली की नाही हे ‘ॲनेक्शर के’ या पत्रकात दिसते, ते उतरवून जपून ठेवा. दहा वर्षे भरली की 58 व्या वर्षापासून मासिक पेन्शनचा हक्क येतो. तुमची सात आता मोजली गेली तर तीनच उरतात. पीएफसोबत पेन्शनची रक्कमही काढून घेणाऱ्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि माझ्या मते पीएफ काढण्यातले सगळ्यात मोठे नुकसान हेच आहे, कर त्यापुढे किरकोळ आहे.

तुमच्या वडिलांचे प्रकरण सोपे आहे, कारण निवृत्तीला दोन्ही गोष्टी एकाच वेळी देय होतात, फक्त पैसे दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. ग्रॅच्युइटी कारखान्याकडून येईल. 28 वर्षे 7 महिन्यांची 29 वर्षे धरली जातील. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 38,000 असेल, तर

```
38,000 × 15 ÷ 26 × 29 = 6,35,769 रुपये
```

ही रक्कम 30 जुलैपर्यंत मिळायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याला सुमारे 5,300 रुपये व्याज होते, आणि ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

पीएफ भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून येईल. वय 55 च्या पुढे असल्याने त्यांना कोणतीही वाट पाहण्याची मुदत नाही. तरी निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज करू नका. जूनच्या पगाराचा हप्ता कारखाना 15 जुलैपर्यंत भरतो, आणि त्याआधी अर्ज केला तर तो शेवटचा हप्ता खात्यात मागे राहून त्यासाठी दुसऱ्यांदा अर्ज करावा लागतो. जूनची नोंद पासबुकात दिसली आणि नोकरी सोडल्याची तारीख व कारण ‘निवृत्ती’ असे भरले गेले, की अंतिम रकमेसाठी नमुना 19 आणि मासिक पेन्शनसाठी नमुना 10डी असे दोन्ही अर्ज भरा. पीएफचा अर्ज सर्व बाबतीत बरोबर असेल तर 20 दिवसांत निकाली निघायला हवा. पैशांची लगेच गरज नसेल तर निवृत्तीनंतर 36 महिने खात्यावर व्याज मिळत राहते, पण निवृत्तीनंतरचे हे व्याज करपात्र असते. पेन्शनचा अर्ज मात्र लांबवू नये.

जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग या दोन गोष्टी वडिलांच्या आधारमध्ये, बँकेत आणि पीएफच्या नोंदीत सारख्या आहेत का, हे मे महिन्यातच जुळवून घ्या. 1997 च्या सुमारास कारखान्यांत नोंदी हाताने लिहिल्या जात आणि त्यांत वडिलांचे नाव आधी, आडनाव शेवटी किंवा याच्या उलट असे प्रकार सर्रास झाले आहेत. दुरुस्तीसाठी कारखान्याची संमती लागली तर निवृत्तीआधी ती एका दिवसात मिळते. वारसाची नोंदही दोन ठिकाणी वेगवेगळी करावी लागते, पीएफची पोर्टलवर आणि ग्रॅच्युइटीची कारखान्याकडे. तुमचीही चाकणला ती बहुधा 2021 मध्ये केलेली असेल. त्यानंतर तुमचे लग्न झाले असेल, तर पीएफमधले नामनिर्देशन आज रात्रीच बदला. ग्रॅच्युइटीचे बदललेले नामनिर्देशन राजीनाम्याच्या पत्रासोबत एचआरकडे द्या आणि दोन्हींच्या प्रतीवर पोच घ्या.